सासूबाईंबरोबरचं सकाळचं ऊन

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले, तेव्हा शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच उघडायला लागल्या होत्या. कुकटपल्लीच्या बाजूला एका कंपनीत मला नोकरी लागली. काचांना काळी फिल्म, आत दिवसभर एसी, डोक्यावर ट्यूबलाइट. कंपनीच्या बसलासुद्धा जाड पडदे. उन्हाशी माझा संबंध फाटकापासून बसपर्यंत, तेवढाच.

घर नल्लकुंट्यात होतं. नवरा बँकेत, आणि घरात सासूबाई. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही जुन्या निजामी मुलखातलं, शेतकरी. तांबडं फुटायच्या आत त्या उठलेल्या असत. आणि मी? रात्री अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. मध्यरात्र उलटून बराच वेळ गेल्यावर कुठे डोळा लागायचा. सकाळी मला उठवणं म्हणजे गाडलेला खांब उपटणं. हाक मारली की "हो" म्हणायचे आणि परत झोपायचे. रविवारी तर दुपारच्या जेवणालाच खाली यायचे.

एकदा नांदेडकडून सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. त्या मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "शहरची सून आणलीस, आता तूच तिला चहा नेऊन दे." सासूबाई खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या. मी मात्र बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

ऑफिसात उशिरा पोचण्यावरून साहेबांनी दोनदा सुनावलं, तेव्हा मी झोपेच्या गोळ्या घ्यायचं ठरवलं. बरकतपुऱ्यात आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई होत्या, तेलुगू, वयाने पन्नाशीच्या पुढच्या. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते." मला वाटलं, आता तिथेही माझ्या आळसाचं वर्णन होणार.

झालंही तसंच. "लई उशिरा उठते डॉक्टर, काय करावं कळेना," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी मला पुष्कळ विचारलं. सुट्टीत मनासारखं झोपू दिलं तर झोप नीट लागते का? किती वाजता उठल्यावर ताजं वाटतं? दिवसभरात उघड्यावर किती वेळ असतेस? सुट्टीत उशिरा झोपून उशिरा उठले की मला काहीच त्रास नसायचा. उघड्यावर म्हणाल, तर मी जवळजवळ नसायचेच.

मग त्या सासूबाईंकडे वळून हैदराबादी हिंदीत म्हणाल्या, "ये सुस्ती नै है अम्मा. इसकी घडी पीछे चल री."

मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते रोज लावावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. ते लावणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड, तोही डोळ्यांत जाणारा. सकाळी उजेड मिळाला की घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोप लवकर येते. सकाळी अंधारात आणि रात्री झगझगीत उजेडात राहिलं की ते मागे मागे पडत जातं. "तिची झोप बिघडलेली नाही. झोपेची वेळ सरकलीय."

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मग खोलीतच मोठा दिवा लावला तर?"

"ट्यूबलाइट आपल्याला मोठी वाटते, पण बाहेरच्या उजेडापुढे ती काहीच नाही. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेर घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. बाहेरच न्या. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उघड्यावर राहायचं. काळा चष्मा नको."

"मग उद्यापासून पाचलाच उठवते हिला!"

"नक्को अम्मा!" डॉक्टरीणबाई हसल्या. "हिच्या शरीराची तेव्हा अजून रात्रच चालू असते. त्या वेळी उजेड दिला तर घड्याळ उलटं मागे जाईल. आत्ता जेव्हा आपोआप जाग येते, त्याच्या जरा अलीकडे उठवा. उठल्याबरोबर बाहेर. चार-पाच दिवसांनी आणखी थोडं अलीकडे. रविवारीही तीच वेळ."

गोळी मिळाली नाही. मी खट्टू होऊन बाहेर पडले. रिक्षा निघाल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं बाई." एवढंच. पण माझ्या हातावर त्यांनी ठेवलेला हात घर येईपर्यंत तसाच होता.

ऑफिसात सांगून सुरुवातीचे काही दिवस मी उशिराची वेळ मागून घेतली. मी उठेपर्यंत सासूबाईंचं नळाचं पाणी भरून, पूजा होऊन, स्वयंपाकही उरकलेला असायचा. ऊन चांगलं वर आलेलं असायचं. त्यांचा गुडघा दुखरा, पण त्या पायात चपला घालून दारात उभ्या. "चल." मी तोंडावर पाणी मारून, केस तसेच गुंडाळून त्यांच्यामागे निघायचे. भाजीबाजारापर्यंत जायचं, अंबाडीची जुडी घ्यायची, दुसऱ्या गल्लीने परत यायचं. त्या चालायच्या हळू. आधी मला त्याचा कंटाळा यायचा, मग लक्षात आलं की हळू चालल्यामुळेच जास्त वेळ बाहेर राहणं होतंय. संध्याकाळी जेवणानंतर त्या घरातले मोठे दिवे बंद करायच्या आणि एक पिवळा बल्ब ठेवायच्या. नवरा कुरकुरला तर म्हणायच्या, "तुझा पेपर सकाळी वाच."

पहिला आठवडा काही जाणवलं नाही. नंतर झोप थोडी अलीकडे आली, पण एका रविवारी मी हट्टाने लोळत पडले आणि सोमवारी रात्री पुन्हा टक्क जागी. मी म्हटलं, "आई, हे काही खरं नाही. सोडून देऊ."

"घड्याळ पुन्हा मागं पडलं असंल. परत लावू," त्या म्हणाल्या. जणू भिंतीवरच्या घड्याळाबद्दल बोलत होत्या. पावसाळी दिवस आले तेव्हा मी खिडकीतून आभाळ दाखवलं. त्यांनी छत्री घेतली. "डॉक्टरनं काय सांगितलंय? आभाळ असलं तरी चालतं." आम्ही दोघी एका छत्रीखाली चिखल चुकवत गेलो, आणि अंबाडी विकणारी बाई आम्हांला बघून हसली.

हळूहळू माझी उठायची वेळ इतकी अलीकडे आली की मी नेहमीच्या बसला वेळेवर उभी राहू लागले. साहेबांचं सुनावणंही थांबलं.

दिवाळीनंतर थोरल्या जाऊबाई पुन्हा आल्या. रात्रीची जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि मी भिंतीला टेकून ऐकता ऐकता पेंगायला लागले. आवाज येत होते, पण शब्द लांब लांब जात होते. किती वर्षांनी अशी आपोआप, वेळेवर, गोड झोप येत होती! जाऊबाई म्हणाल्या, "बघ, पाहुणे बसलेत अन् सून झोपली."

सासूबाई उठल्या. गुडघा धरूनच उठल्या. त्यांनी माझ्या डोक्याखाली उशी सरकवली आणि ठामपणे म्हणाल्या, "वहिनी, हळू बोला. पोरीला झोप आलीय. तिची आता हीच वेळ आहे. अन् ती आळशी नव्हती, तिला उजेड मिळत नव्हता. मलाही डॉक्टरनं सांगेपर्यंत समजलं नव्हतं."

मी डोळे मिटूनच होते. जाऊबाईंनी "असं असतंय व्हय?" असं विचारल्याचं ऐकलं. मग सासूबाई त्यांना मेंदूतल्या घड्याळाबद्दल खालच्या आवाजात, अगदी बारकाईने समजावून सांगू लागल्या. शाळेत त्या चौथीच्या पुढे गेल्या नव्हत्या. पटलेली गोष्ट मनापासून उचलायची आणि आधीचं मत चारचौघांत मागे घ्यायचं, हे मला इतक्या वर्षांत नीटसं जमलेलं नाही. त्यांच्या समजावण्याचा शेवट मी ऐकला नाही. तोवर मला गाढ झोप लागली होती.