ट्रेलरचा हिरवा दिवा

रहिमतपूरला स्टँडच्या रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं तेव्हाची ही गोष्ट. दुकान म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, बॅटरी चार्ज करायचं यंत्र आणि माझं तोंड. तोंड तिखट होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "हात चांगला हाय रं तुझा, पर जीभ आवर." जीभ मी कधी आवरली नाही. फक्त एकदा आवरली, आणि नेमकी तेव्हाच आवरायला नको होती.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. आमच्या भागात ट्रॅक्टर लय झाले होते, पण ट्रेलरला मागं दिवे असतात हे निम्म्या लोकांना ऐकूनही ठाऊक नव्हतं. अशात शेजारच्या गावच्या एका बागायतदारानं नवा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या स्टिअरिंगपुढच्या घड्याळांच्या पट्टीत दोन हिरवे दिवे होते. एकावर ट्रॅक्टरचं चित्र, दुसऱ्यावर ट्रेलरचं. वळायचा सिग्नल लावला की पहिला लुकलुकायचा. मागं ट्रेलर जोडलेला असला, त्याची सात पिनांची वायर सॉकेटात घट्ट बसलेली असली आणि मागचा बल्ब चांगला असला तरच दुसराही लुकलुकायचा. बल्ब गेला, वायर सुटली, की दुसरा ठार बंद.

आता गंमत बघा. त्याच पट्टीत तेलाचा लाल दिवा होता, तो पेटला की घाबरायचं. आणि हा हिरवा विझला की घाबरायचं. मालकाला हे काही केल्या पटेना. "पेटला न्हाई म्हंजे बरं हाय की! उगं कशाला दिवा जाळायचा?" असं म्हणून पहिला महिनाभर त्यानं हौसेनं विझलेल्या दिव्यावर ट्रॅक्टर पळवला.

मग त्यानं ड्रायव्हर ठेवला, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पंधरा-सोळा वर्षं लष्कराच्या गाड्या चालवलेला माणूस, एक ओरखडासुद्धा नाही. अंगावर इस्त्री नसली तरी बोलण्याला इस्त्री. त्याला मालकाच्या ट्रॅक्टरवर जन्म काढायचा नव्हता. साखर कारखान्यात कायम ड्रायव्हरची एक जागा निघणार होती, हंगाम संपला की. कारखान्याचा ऊस-वाहतुकीचा साहेब म्हणाला होता, "हंगाम बिनतक्रार काढा, जागा तुमची." हवालदारानं हे मला इतक्यांदा सांगितलं होतं की मला पाठ झालं होतं. कारखान्याच्या चाळीत खोली मिळाली की गावाकडनं बायको-पोरींना आणायचं, एवढंच त्याचं स्वप्न. त्या चाळीपुढं पेरूचं झाड आहे हेही तो बघून आला होता.

आता असा माणूस आणि असा दिवा एकत्र आल्यावर काय होणार? रानातल्या रस्त्यानं ट्रेलर आदळत यायचा, मागच्या बल्बची तार तुटायची, नाहीतर लोंबणाऱ्या वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, वायर ओढली जायची. हिरवा दिवा विझायचा. की हवालदार ट्रॅक्टर बाजूला घेऊन खाली उतरलाच. भर उन्हात उसाची मोळीन् मोळी वाळायची, कारखान्याच्या रांगेत नंबर मागं पडायचा, आणि हा आपला ट्रेलरखाली वाकून बल्ब बदलतोय. खिशात बल्ब घेऊन फिरायचा तो.

मालकाचा जीव वर-खाली व्हायचा. एक दिवस तो तणतणत माझ्याकडे आला.

"त्या हिरव्या टिकलीनं वात आणलाय! ती विझली की फौजी हटून बसतोय. तू असं कर, ती विझायचीच न्हाई असं काय तरी कर."

"मालक, ती विझती म्हणूनच तिचा उपयोग आहे."

"मला शिकवू नगंस. कारखान्याचा साहेब बी फाटकावर ती टिकलीच बघतुया. मागं जाऊन ट्रेलर कोण बघतोय? उसाची पानं लागतेत साहेबाला."

हे मात्र खरं होतं. फाटकावर तपासणी म्हणजे साहेब ट्रॅक्टरच्या पायरीवर एक पाय ठेवायचा, म्हणायचा "सिग्नल लावा," दोन हिरव्या टिकल्या लुकलुकताना बघायचा आणि चिठ्ठीवर सही करायचा.

आणि मी ते केलं. का केलं? मालकाकडचं सगळं काम माझ्याकडं होतं हे एक कारण. दुसरं खरं कारण असं की करता येतं हे मला माहीत होतं, आणि करता येतं ते करून दाखवायची मला खाज होती. सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत मी पत्र्याची एक डबी बसवली. तिच्यात दोन बल्ब, डावीकडच्या सिग्नलला एक, उजवीकडच्याला एक, ट्रेलरच्या वायरीला जोडून. हिरव्या दिव्याला काही डोळे नसतात. मागं पुरेसा करंट जातोय एवढंच सिग्नल लुकलुकवणाऱ्या रिलेला कळतं. तो ट्रेलरच्या बल्बातून जातो का माझ्या डबीतून, याच्याशी त्याला काय देणंघेणं? मागचा बल्ब मेला तरी डबीतला पेटायचा आणि पुढं हिरवी टिकली ऐटीत लुकलुकायची. मालक एवढा खूश झाला की त्यानं मला गुळाची ढेप पाठवली.

चार दिवसांनी हवालदार दुकानात आला.

"गड्या, टिकटिक बदललीया रं. सिग्नल लावला की लय घाईनं वाजतोय."

बरोबरच होतं. ट्रेलरचा बल्ब आणि माझा बल्ब दोन्ही पेटले की करंट जास्त जायचा, रिले लवकर तापायचा आणि टिकटिक जलद व्हायची. कान होते त्या माणसाला! मी म्हणालो, "आवं हवालदार, रिले नवा बसवलाय मी. नवं आहे तवर उड्या मारतंय." तो हसला. माझ्या शब्दावर त्याचा भरवसा होता, कारण त्याच्या मते मीच एकटा असा होतो की ज्याला त्या दिव्याची कदर होती.

पुढं पंधरा-वीस दिवस गेले असतील, हंगाम संपत आला होता. हवालदार रस्त्यानंच ओरडला, ट्रॅक्टर न थांबवता, "तुझा रिले माणसात आला रं! टिकटिक आता पयल्यासारखी नीट वाजतीया!"

मी हात केला. आणि हात वर असतानाच माझ्या ध्यानात आलं. टिकटिक नीट झाली म्हणजे करंट कमी झाला. म्हणजे मागचा बल्ब मेला. सगळं ठीक होतं तेव्हा तो बिचारा काळजी करत होता, आणि आता मागं काळोख झाल्यावर तो निवांत झाला होता. उठून पळत जाऊन सांगायला पाहिजे होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. म्हटलं, उद्या जाऊन गुपचूप बल्ब बदलू.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच निघालो, खिशात बल्ब घेऊन, माझ्या जुन्या मोटरसायकलवर. कारखान्याच्या फाट्याच्या अलीकडे तो ट्रॅक्टर गाठला. ट्रेलर उसानं असा भरलेला की हवालदाराला मागचं काही दिसायची सोय नाही. मी मागून बघतोय, मागचा दिवा वाढ्याखाली बंद. मनात म्हटलं, सरळ चाललाय, पुढं जाऊन थांबवू. मी उजवीकडून गाडी काढली आणि त्यानं ट्रॅक्टर उजवीकडे फाट्याला वळवला.

मी रस्त्याकडेच्या चारीत पडलो होतो, पाय गुडघ्याखाली मोडलेला. सगळ्या दुनियेत तो दिवा का बंद आहे हे माहीत असलेला एकटा मी, आणि फसला कोण, तर मीच. कुणाला सांगितलं असतं तर हसून हसून मेला असता. हवालदारानं मला पाठीवर घेऊन डांबरी सडकेपर्यंत आणलं. तो रडत होता. "सिग्नल लावला व्हता रं, आईशप्पत! टिकली लुकलुकत व्हती!"

संध्याकाळी दवाखान्यात मालक आला. कानाशी लागून म्हणाला, "डबी मी काढून टाकलीया. तू बोलायचं न्हाई, मी बोलायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा साहेब जबाब घ्यायला आला. त्यानं विचारलं, "मागचा सिग्नल लागला होता का?"

मी म्हणालो, "नव्हता लागला."

खरं बोललो. एक अक्षर खोटं नाही. हवालदारानं सांगितलं, "सिग्नल लावलेला, हिरवा दिवा लुकलुकताना डोळ्यांनी बघितलाय." तोही खरंच बोलला. साहेबानं ट्रेलर तपासला, बल्ब मेलेला. सिग्नल लावून बघितला, हिरवा दिवा बंद. मग निकाल काय लागणार? साहेबानं लिहिलं, ड्रायव्हर खोटं बोलतो.

हवालदार मला रोज भेटायला यायचा, दुधाचा तांब्या घेऊन. एक शब्द रागाचा नाही. म्हणायचा, "माजीच चूक गड्या. टिकली बघून वळताना हात बाहेर काढायचं सोडलं मी. फौजेत असतो तर हात दिला असता." ते दूध मी प्यायचो. तिखट जिभेचा मी, बारा दिवस गप्प पडून राहिलो.

तेराव्या दिवशी मी सांगितलं. डबी, दोन बल्ब, टिकटिक, सगळं. तो स्टुलावर बसून ऐकत होता. शेवटी एवढंच विचारलं, "टिकटिक नीट झाली म्हणून मी वरडलो, तवा तुला कळलं व्हतं?"

मी म्हणालो, "व्हय."

तो उठला, रिकामा तांब्या घेतला आणि गेला. मी कुबडीवर कारखान्यात गेलो, साहेबापुढं सगळं कबूल केलं. साहेब म्हणाला, जागा कालच भरली. वर म्हणाला, "तुम्ही हे लिहून देऊ नका. त्या टिकल्या बघून सगळ्या ट्रॅक्टरांच्या चिठ्ठ्यांवर माझ्याच सह्या आहेत."

हवालदार पुढं दुसऱ्या गावच्या ट्रॅक्टरवर लागला. त्याला दिवे-बिवे काही नव्हते. हंगामात दिवसातून दोनदा तो माझ्या दुकानावरून जायचा. तिथं रस्ता सरळ आहे, वळण नाही, फाटा नाही. तरी दुकान आलं की तो उजवा हात पुरा बाहेर काढायचा आणि दुकान मागं पडेपर्यंत तसाच ताठ धरायचा. माझ्याकडे बघायचा नाही. पहिल्यांदा मला वाटलं रामराम करतोय, मीही हात वर केला. मग कळलं, हा वळायचा इशारा आहे, त्या दिवशी न दिलेला, आणि लाजेनं मी शटरामागं गेलो. आठ वर्षं दुकान तिथं होतं, आणि आठ वर्षं तो हात बाहेर यायचा.