सेव्ह कुठं करायचं ते राहिलं

वसमतच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नवशिक्यांसाठी मराठीतून लेख तयार व्हायचे. लिहायचे सर, क्लास त्यांचाच. आणि तपासायची मी. तपासायचं म्हणजे शुद्धलेखन नव्हे. लेखात सांगितलंय तेवढंच करायचं, न सांगितलेलं काही म्हणजे काही करायचं नाही, आणि कुठं अडतं ते बघायचं. मी मुळात भित्री, वर किरकिरी. त्यामुळे हे काम माझ्याकडे येणं साहजिकच होतं.

त्या दुपारचा लेख होता नको असलेले फोटो पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून काढून टाकण्याचा. दुसऱ्याच पायरीला ‘पाथ सेट करा’ असं लिहिलेलं. पाथ म्हणजे काय, तो कुठं सेट करायचा, एक अक्षर नाही. मी चिडून शेजारी लिहिलं, समजावून सांगा नाहीतर काढून टाका; आपण पायथनबरोबरच येणाऱ्या आयडलच्या खिडकीत प्रोग्राम चालवतो, तिथं याची गरजच नाही. पुढं सरावासाठी एक फोल्डर करून त्यात दोन-चार फोटो टाकायचे होते. मग प्रोग्राम लिहून सेव्ह करायचा. कुठं, ते नव्हतं.

आमचा विद्यार्थी तो कुठं सेव्ह करेल हे मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी आम्ही पोरांना बजावतो, सगळं डेस्कटॉपवर ठेवा, नाहीतर नंतर सापडत नाही. मीही तसंच केलं आणि प्रोग्राम चालवला. सरावाचे फोटो होते तिथंच राहिले, डेस्कटॉपवरचे सगळे गेले. कोणत्या फोल्डरमधले फोटो काढायचे हे प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं, म्हणून तो जिथं सेव्ह केला होता तिथलेच त्याने पुसले. रिसायकल बिन उघडून पाहिली. तीही रिकामी. या पद्धतीने पुसलेली फाइल तिथं जातच नाही.

क्लासचं जुनं मशीन होतं, गेलेल्या फोटोंचं कुणाला काही नव्हतं. तरी मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः प्रोग्राम सरावाच्याच फोल्डरमध्ये ठेवला होता, म्हणून त्यांना काही जाणवलं नव्हतं.

“काहून घाबरून राहिल्या, मॅडम? माझ्याकडं तर बराबर चाललं,” ते म्हणाले. आणि मग सहज सांगावं तसं सांगून गेले, की डोंगरकड्याहून क्लासला येणाऱ्या पोरीला त्यांनी तो लेख सकाळीच पाठवलाय, घरी करून बघ म्हणून.

मी लगेच फोन हातात घेतला. त्या मुलीच्या अब्बांचा फोटो स्टुडिओ होता आणि घरचं मशीन म्हणजे स्टुडिओचंच मशीन. अल्बम होईपर्यंत लग्नाचे सगळे फोटो डेस्कटॉपवरच पडलेले असतात, आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं केलेलं असतं, हे तिनेच मला एकदा हौसेने सांगितलं होतं. तिचा फोन बंद. अब्बांचा वाजत राहिला, कुणी उचलेना. सरांचा चेहरा आता उतरला होता, पण त्यांच्यावर ओरडायला मला वेळ नव्हता. मी एसटी पकडली.

वाटेत फोन लावतच होते. कुणाच्या तरी लेकीची वरात, हळद, पाठवणी, आणि त्यातलं काहीच उरलेलं नाही. तिच्या अब्बांनी लोकांना काय सांगायचं? आणि त्या पोरीला पुन्हा कोण मशीनला हात लावू देणार? एसटी प्रत्येक फाट्यावर थांबत होती आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

स्टुडिओत ती एकटीच होती. अब्बा शूटिंगला गेलेले, तिचा फोन चार्जिंगला. मी नमस्कार-चमत्कार काही न करता सरळ स्क्रीनकडे पाहिलं. डेस्कटॉप फोटोंनी गच्च भरलेला होता. नवरी, नवरा, वऱ्हाड, सगळे जागच्या जागी. मी स्टूल ओढून बसले.

लेखातलं करून बघितलं नाहीस का, मी विचारलं. ती खाली बघायला लागली. सकाळपासून बसली होती. पायथन टाकलं होतं, पण पुढचं ‘पाथ सेट करा’ काही केल्या कळेना. तिथून पुढं ती सरकलीच नव्हती.

मला हसू फुटणार होतं. न समजावलेल्या, नको असलेल्या एका ओळीने फोटो वाचवले होते. तेवढ्यात तिच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. रडून सुजले होते.

“मॅडम, मी उद्यापासून न्हाई येत,” ती म्हणाली. “नवीन लेकरांसाठी सोपं लिहिलंय म्हणले सर. मला तेबी समजून न्हाई राहिलं. अब्बांना सांगितलं मी, फीस वापस मागा म्हणून.”

एसटीत वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. चूक लेखाची आहे, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ती मान हलवत होती, मोठ्या माणसाचं मन राखायला हलवावी तशी.