लाल ठिपक्याचं अंडं

मुलगी बाळंतपणासाठी अकोल्याहून अमरावतीला आमच्याकडे आली, तेव्हा तिचं रक्त कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज अंडी खा म्हणून बजावलं. मी मनातून खूश झालो. निवृत्त झाल्यापासून अंगणात कोंबड्या पाळतो म्हणून घरात माझी थट्टाच चालायची. आता त्यांची किंमत कळेल, असं मला वाटलं.

पहिल्याच सकाळी ऑम्लेटसाठी अंडं फोडलं, तर पिवळ्या बलकावर रक्ताचा ठिपका. मुलगी शेजारीच उभी होती. तिने तोंडावर हात धरला आणि खोलीत निघून गेली. याआधी एकदा तिला दिवस राहिले होते आणि ते टिकले नव्हते. त्या दिवसांत तिने जे पाहिलं होतं, ते तिला त्या वाटीत दिसलं असणार. त्यानंतर तिने अंडं म्हणून तोंडात घातलं नाही.

बायकोचं म्हणणं, आत पिल्लू धरलं होतं. मी चक्रावलो. माझ्याकडे कोंबडा नाही, मग पिल्लू कुठून येणार? तिने शेजाऱ्यांच्या कोंबड्यावर आळ घेतला. झालं, मी भिंतीवर काटेरी फांद्या लावल्या आणि सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून त्या कोंबड्यावर नजर ठेवत बसलो. तो बिचारा आपल्याच अंगणात चरत होता. अंड्यात ठिपका मात्र परत निघालाच.

मग मी प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून पाहू लागलो. पाहावं तितका गोंधळ वाढत गेला. ठिपका नसला तर अंड्यातलं पांढरं धुरकट दिसे, भाताच्या पेजेसारखं. ते नितळ असलं तर बलकाच्या दोन बाजूंना पांढऱ्या दोऱ्या दिसत. बायको म्हणाली, ही पिल्लाची नाळच. मी वाट्या मोरीत ओतत गेलो. शेवटी चौकातल्या दुकानातून अंडी आणली. त्यांचं पांढरं पाण्यासारखं स्वच्छ होतं, दोऱ्याही जेमतेम दिसत होत्या. ही चांगली, असं मी छातीठोकपणे सांगितलं. मुलीने तीही खाल्ली नाहीत. माझ्या कोंबड्यांना काही रोग असेल, म्हणून मी गुरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मी काय काय फेकलं, ते पुन्हा विचारलं. धुरकट पांढरं म्हणजे अंडं ताजं, ते म्हणाले. ताज्या अंड्यात वायू असतो, तो कवचातून हळूहळू निघून गेला की पांढरं नितळ होतं. दोऱ्या बलकाला मध्यभागी धरून ठेवतात. अंडं जितकं ताजं, तितक्या त्या ठळक. थोडक्यात, मी ताजी अंडी मोरीत ओतून शिळी विकत आणत होतो. आणि ठिपका? अंडं घडताना कोंबडीच्या आत एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, तेवढंच. पिल्लाशी त्याचा संबंध नाही. ठिपका चमच्याने काढा नाहीतर राहू द्या, अंडं पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. पांढरं गुलाबी किंवा हिरवट दिसलं, घाण वास आला, तर मात्र फेका. शिळं आणि सडकं एक नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. मी घरी येईपर्यंत त्यातलं अर्धं डोक्यात उलटसुलट झालं होतं.

स्वयंपाकघरात मुलीला सगळं सांगितलं. सांगताना एकदा ताजं-शिळं यांची अदलाबदल केली, तिनेच ती दुरुस्त केली. मग तिने टोपलीतलं सकाळचं अंडं उचलून फोडलं. पांढरं धुरकट, दोऱ्या जाड, आणि बलकाच्या कडेला तो ठिपका.

तिने वाटी जवळ ओढली.

"बाबा, हे कोंबडीच्या काई चुकीनं झालं का?"

"नाई वं. तिले काय मालूम, आत काय फुटलं ते. आपोआप होते."

"मले सारे म्हनत होते, तू जिने चढली म्हनून झालं."

अंड्यावरून माणसाचं कसं सांगणार? पण मागच्या वेळच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं, की तिची काही चूक नाही. सासरी-माहेरी आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासमोर मान डोलावली होती, तिला मात्र ते पटलं नव्हतं.

"जिन्यानं काई होत नाई, बाई," मी म्हणालो.

तिने चमच्याच्या टोकाने ठिपका काढला, अंडं फेटलं आणि तव्यावर ओतलं. दोन्ही बाजूंनी चांगलं शिजू दिलं. मग उभ्या उभ्याच खाल्लं, रडत रडत, शेवटच्या घासापर्यंत.