सरळ शिवलेला दाखला

माझ्या दुकानावर पाटी आहे, ‘भाषांतर, टंकलेखन, साक्षांकन सेवा’. लोक फक्त शेवटचे दोन शब्द वाचतात आणि शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असल्यासारखे आत येतात. शिक्का माझ्याकडे नाही. कोणती रांग कुठे लागते, कोणत्या खिडकीवरचा माणूस जेवायला कधी उठतो आणि कोणता कागद कुणाच्या आधी कुणाकडे न्यायचा, एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्यावर माझं घर चालतं. तोंडाने मी फटकळ आहे. रडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पाणी देते, पण खुर्ची देत नाही, कारण खुर्ची दिली की अर्धा दिवस गेला.

नवीला मात्र मी खुर्ची दिली होती. नवी म्हणजे आमच्या मागच्या इमारतीतल्या बाइंडरकाकांची सून. लग्न होऊन दोन वर्षं होत आली तरी सगळे तिला नवीच म्हणायचे, कारण जुनी व्हायला तिला संधीच मिळाली नव्हती. नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या, नवरा थोडे दिवस राहिला आणि परदेशात कामावर परत गेला. ‘कागद झाले की लगेच ये,’ म्हणाला. त्या ‘लगेच’वर भरवसा ठेवून हिने औषधांच्या दुकानातली चांगली नोकरी सोडली, माहेरची खोली धाकट्या बहिणीला दिली आणि सासऱ्यांच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात एक सासरा, एक सून आणि भिंतीला टेकवून ठेवलेली भलीमोठी बॅग. बॅगेत हिवाळी कपडे भरलेले होते, त्यामुळे थंडी पडली तरी हिला स्वेटर मिळायचा नाही. बॅग उघडली तर जाणं लांबलं असं होईल, म्हणून ती शाल पांघरून बसायची. मला तिचा हा वेडेपणा कळायचा आणि रागही यायचा.

जिन्यात कुणी भेटलं की एकच प्रश्न, ‘अजून इथेच?’ भाजीवालीसुद्धा विचारायची. नवी हसून ‘हो, होतंय आता,’ म्हणायची. एकदा माझ्याकडे म्हणाली, “ताई, मी ना धड सासरी आहे, ना नवऱ्याकडे, ना माहेरी. मला कुणी पत्ता विचारला की मी क्षणभर गप्प होते.”

आता हे काम नेमकं काय असतं ते सांगते. लग्नाचा दाखला इथे खरा असला तरी परक्या देशाला तो खरा कशावरून? म्हणून आधी नोंदणी अधिकाऱ्याच्या सहीचा ताजा दाखला घ्यायचा. मग राज्याच्या खात्यात त्याची सही त्यांच्याकडच्या नमुन्याशी ताडून पाहतात आणि ही सही खरी आहे म्हणून मागे शिक्का मारतात. मग मान्यताप्राप्त भाषांतरकार भाषांतर करून ते दाखल्याला जोडतो. मग परराष्ट्र खातं राज्याच्या शिक्क्याला खरं म्हणतं आणि दोन्ही कागदांच्या जोडावर आपला गोल शिक्का उमटवतं, अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर. शेवटी त्या देशाची वकिलात परराष्ट्र खात्याला खरं म्हणते. प्रत्येकजण फक्त आपल्या आधीच्याच्या सहीची खात्री देतो. लग्न झालं की नाही हे कुणीच विचारत नाही.

नवीच्या कागदाचे वकिलातीआधीचे सगळे टप्पे पार पडले. प्रत्येक खिडकीवर मी तिच्याबरोबर फिरले. वकिलातीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली. तिच्या नवऱ्याला कंपनीने बायको आणायची परवानगी काढून दिली होती, त्या परवानगीला मुदत होती आणि मुदतीच्या आत व्हिसाचा अर्ज पडणं भाग होतं. वेळ पुरेसा होता. दाखला देताना मी तिला बजावलं, “प्लास्टिक चढवायचं नाही, भोकं पाडायची नाहीत, घडी घालायची नाही, टाचणी काढायची नाही.” तिने घरी जाऊन सासऱ्यांना तेच शब्द ऐकवले. ते म्हणाले, “प्लास्टिक चढवायला मी काय अडाणी आहे?”

बाइंडरकाका अडाणी नव्हतेच. पन्नास वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली होती. वकिलांची, शाळांची, दवाखान्यांची. त्यांच्या हातचं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं की उघडंच राहायचं. हात अजून स्थिर होते, काम मात्र राहिलं नव्हतं. दुसऱ्याचं वाकडं काम पाहिलं की त्यांचं डोकं दुखायचं, हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. लग्नपत्रिकेची घडी चुकली तरी ते नखाने पुन्हा घालायचे.

वकिलातीच्या खिडकीवर मी नवीच्या शेजारी उभी होते. आतल्या बाईंनी दाखला घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. मग वरिष्ठांना बोलावलं. मीही वाकून पाहिलं. भाषांतरकाराने दोन कागद तिरके जोडून दोन जाड टाचण्या मारल्या होत्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. आता तिथे टाचण्या नव्हत्या. मेणाच्या बारीक दोऱ्याने घातलेले समान टाके होते, कड एकसारखी, कोपऱ्याला कोपरा लागलेला. जुनी भोकं आतून पातळ कागद लावून बुजवलेली. इतका देखणा दाखला मी आजवर पाहिला नव्हता. आणि जोडावरचा गोल शिक्का केसभर सरकला होता. वरचं अर्धं वर्तुळ खालच्या अर्ध्याला मिळत नव्हतं.

“हा कागद उघडलेला आहे,” वरिष्ठ म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सौम्य होता. “आम्हाला घेता येणार नाही. नवा आणा.”

नवीने दाखला परत घेतला. टाके कुणाचे ते तिला कळलं होतं. रस्त्यावर आल्यावर तिने दाखला छातीशी धरला आणि मला म्हणाली, “ताई, घरी तुम्ही चला. मी एकटी गेले तर तोंडातून काहीतरी जाईल.”

काका दारातच उभे होते. “झालं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. फटकळपणे सांगितलं, उगाच खोटं कशाला. ते आधी हसले, त्यांना चेष्टा वाटली. मग म्हणाले, “अगं, पण मी तो उघडला कुठे? मी तो नीट केला. किती वाकडा होता. परक्या देशात जाणार, तिथले लोक काय म्हणतील, आमच्याकडे कुणाला कागद बांधता येत नाही?” त्यांच्या हिशेबी टाचणी काढून टाका घातलेला कागद आधीपेक्षा जास्त अखंड होता. ते खोटं बोलत नव्हते. टेबलावर घडी दाबायची हाडाची पट्टी आणि दाभण अजून तसंच पडलेलं होतं. नवी आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, पण त्या दाराला कडी नव्हती, ते पुन्हा हळूहळू उघडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. नोंदणी कार्यालयातून ताजी प्रत मिळाली, त्यात काही अडलं नाही. घोडं अडलं ते राज्याच्या खात्यात. मधल्या काळात जुने नोंदणी अधिकारी बदलून गेले होते आणि ताज्या प्रतीवर नव्या बाईंची सही होती. त्यांच्या सहीचा नमुना खात्याकडे आलेला नव्हता. ज्या सहीचा नमुना नाही, ती खरी कशी म्हणायची? मी नोंदणी कार्यालयात गेले. ते म्हणाले, नमुना पाठवलाय. खात्यात गेले. ते म्हणाले, आलेला नाही. कुणीही उद्धटपणे बोललं नाही. सगळ्यांनी बसा म्हटलं. तिथला लिपिक तर नवीला ओळखायलाच लागला, तिला पाहिलं की आधीच मान हलवायचा, बिचाऱ्याला स्वतःलाच वाईट वाटायचं.

त्या दिवसांत मी तिला सुकताना पाहिलं. नवऱ्याचा फोन आला की ती गच्चीवर जायची. तो विचारायचा, ‘पण काढलंच कशाला ते?’ आणि हिने त्याच्या बापाची चूक त्याला सांगितली नव्हती. ‘माझ्या हातून पाणी सांडलं,’ असं सांगितलं होतं. मी म्हटलं, “खोटं का बोललीस?” तर म्हणाली, “तो तिकडे एकटा, हे इकडे एकटे. त्या दोघांत भांडण लावून मी कुठे जाऊ?” नवरा तिच्यावर चिडायचा आणि ती ऐकून घ्यायची. खाली येऊन सासऱ्यांना जेवायला वाढायची. कुणावर ओरडावं तर ओरडायलाही माणूस नाही, अशी तिची गत झाली होती. काका तर घरात असे वावरायचे की पावलाचा आवाज यायचा नाही.

बऱ्याच आठवड्यांनी नमुना आला एकदाचा. सही जुळली, शिक्का पडला, भाषांतर जोडलं गेलं, परराष्ट्र खात्याचा गोल शिक्का जोडावर बसला. या वेळी दाखला मी माझ्या कपाटात कुलपात ठेवला. वकिलातीनेही तो मुकाट्याने घेतला आणि आपला शिक्का मारला, म्हणजे हा कागद आता त्या देशात चालणार. तो हातात घेऊन आम्ही त्याच इमारतीतल्या व्हिसाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीने दाखला पाहिला, “हे अगदी बरोबर आहे,” म्हणाली. मग परवानगीचा कागद पाहिला. त्या परवानगीची मुदत नमुन्याची वाट पाहण्यातच संपून गेली होती. नवी परवानगी तिकडून निघाल्याशिवाय अर्ज घेता येणार नव्हता. आणि कंपनी ती काढणार होती नवऱ्याचा करार पुन्हा झाल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी. होईलच असंही कुणी लिहून दिलं नव्हतं.

संध्याकाळी नवी आणि काका दोघं माझ्या दुकानात आली. मी शटर अर्धं ओढलं आणि दोघांना खुर्च्या दिल्या. दाखला टेबलावर होता, सगळे शिक्के लागलेला, कुठेही न चालणारा. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, “बाळ, तू एकदा विचार मला. तू विचारत नाहीस, त्याने मला झोप लागत नाही.”

“काय विचारू, बाबा?”

“की मी हे मुद्दाम केलं का. तू गेलीस की मी एकटा राहणार होतो. तुझ्या मनात आलं नसेल?”

“आलं,” नवी म्हणाली. “रोज आलं.”

“मग मी हो म्हणतो. मुद्दाम केलं म्हणतो. त्यालाही फोन करून सांगतो. तुला माझ्यावर रागावता तरी येईल. दार आपटता येईल. असं गप्प गप्प जगू नकोस माझ्या घरात.”

मी पाण्याचा ग्लास भरायला उठले, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

नवीने दाखला उचलला. भाषांतरकाराने या वेळीही दोन्ही पानं तिरकीच जोडली होती. तिने त्या कडेवरून बोट फिरवलं.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “मुद्दाम केलं असतंत तर इतकं सुंदर केलं नसतंत. मी जाणार म्हणूनच ते टाके तसे पडले होते. मला ते कळतं, म्हणून तर मला रागावता येत नाही.”

आणि मग ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा, तोंड न झाकता, मोठ्याने. काका खुर्चीत तसेच बसून राहिले. तिच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात त्यांनी तिथवर नेला नाही, अर्ध्यातूनच परत आपल्या मांडीवर ठेवला.