रुळावर रुसलेले जवाईबापू

माझं माहेर म्हणजे रेल्वेचं फाटक. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रुळाशेजारी एक खोली, वर पत्रे, दारात कडुलिंब, आणि बाबा तिथले गेटमन. लोकांच्या माहेरी अंगण असतं, तसा आमच्या माहेरी रूळ होता. माय रुळापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणताना आधी दोन्ही बाजूंना पाहायची, आणि ही सवय तिला इतकी जडली होती की दारव्ह्याच्या बाजारातही ती तसंच पाहून गल्ली ओलांडायची.

बाबा घरात साधे होते, पण खाकी टोपी डोक्यावर चढली की त्यांचा साहेब व्हायचा. गाडीची चाहूल नाही याची खात्री करून ते फाटक उघडत, आणि बैलगाडीवाला रुळावर असेपर्यंत त्याला 'चल, चल' म्हणत. ओळखीचा असो की अनोळखी. सरपंच एकदा तिथे उभं राहून तंबाखू मळू लागले, तर बाबांनी त्यांनाही हाकललं होतं.

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. साठ साल उजाडायचं होतं अजून. आमचे हे मला घेऊन माहेरी निघाले. रेंगी, म्हणजे आमची हलकी बैलगाडी, धुऊन काढलेली, बैलांच्या शिंगांना रंग, ह्यांच्या डोक्याला कडक इस्त्रीचा लाल फेटा. पहिल्या आखाजीचा जवाई म्हणजे काय प्रकरण असतं ते आमच्या भागातल्या बायकांना सांगायला नको. त्याच्यासाठी चिंचवणी, कुरड्या, आंब्याचा रस, आणि दारात आला की भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं. तेवढं झालं की तो आत येतो. नाही झालं तर येत नाही.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा गाडीची वेळ टळून गेली होती. ती गाडी अशीच होती, तिची वेळ टळणं हीच तिची वेळ. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कान दिला, आणि फाटक उघडलं. रेंगी रुळावर चढली. आणि बरोबर मधोमध ह्यांनी बैल थांबवले.

"काहून थांबले?" मी विचारलं.

"माय तुकडा घेऊन येऊन राह्यली ना," हे म्हणाले. आणि खरंच, आमची माय हातात तांब्या आणि भाकरी घेऊन खोलीतून धावत येत होती. जवाई दिसला की धावायचं, एवढंच तिला ठाऊक.

बाबा टोपी घालून होते. "जवाईबापू, रुळावर नका थांबू. पहिले पलीकडे घ्या," ते म्हणाले. मग मायला म्हणाले, "तू आत हो." आणि सवयीनं शेवटी "चल, चल" म्हणाले.

झालं. सासऱ्यानं जवायाला 'चल, चल' म्हटलं, तेही माय तुकडा घेऊन समोर उभी असताना. ह्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "आमच्या घरी बैलाले पण असं म्हणत नाहीत," असं म्हणून ह्यांनी कासरा ओढला आणि रेंगी तिथल्या तिथे, रुळावरच, माघारी वळवायला घेतली. घरी परत जाणार म्हणे. मला घेऊन. दोन घास खाल्ल्याशिवाय.

फाटकावर रुळाच्या आतल्या अंगाला आगगाडीच्या चाकाची कड जायला एक खाच ठेवलेली असते. बैलगाडी सरळ गेली तर चाक तिच्यावरून सहज जातं. आमची रेंगी गेली तिरपी. बारीक चाक त्या खाचेत उतरलं आणि अडकलं. बैलांनी ओढलं, ह्यांनी ओढलं, मी उतरून ढकललं. चाक काही हलेना. आणि तेवढ्यात वळणापलीकडून शिटी ऐकू आली.

लाल झेंडी आणि फटाक्यांचा पत्र्याचा डबा घेऊन बाबा शिटीच्या दिशेनं असे धावले की मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी तसं धावताना पाहिलं नाही. रेल्वेचे फटाके म्हणजे चपट्या डब्या. त्या रुळावर बसवायच्या, चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढं धोका आहे. बाबांनी दूर जाऊन त्या बसवल्या आणि झेंडी हलवत उभे राहिले. इकडे आम्ही बैलांचं जू सोडलं. तिकडे फटाके फुटले आणि आमचे रंगवलेले बैल पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, मोकळ्या वावरातून जे पळाले ते संध्याकाळी सापडले.

हे फेटा सावरत म्हणाले, "आता फटाके फोडून काय उपयोग?" त्यांना खरंच वाटलं होतं की सासऱ्याला उपरती होऊन स्वागत चाललंय. मला तेव्हा रडू येत होतं, म्हणून हसता आलं नाही.

गाडी थांबली. इंजिनापासून आमच्यापर्यंत एका वावराच्या दोन धुऱ्यांमध्ये, म्हणजे बांधांमध्ये, असतं तेवढंच अंतर राहिलं असेल. ड्रायव्हर उतरला, गार्ड हिरवी-लाल झेंडी काखेत मारून आला, आणि त्यांच्यामागून सगळी गाडीच उतरली. चाक उचलायला चार माणसं पुरली असती. चाळीस आली. रेंगी एका झटक्यात बाजूला झाली, पण कोणी परत डब्यात जाईना, कारण तोवर त्यांना भांडणाचं कारण कळलं होतं. निम्मे प्रवासी म्हणाले की जवायाचा मान राहायला पाहिजे होता. निम्मे म्हणाले की हा कसला जवाई, ज्याला रूळ कळत नाही. शेवटी एका म्हातारीनं मायच्या हातातून भाकरी घेतली, ह्यांना हाताला धरून रुळापलीकडे नेलं आणि स्वतःच तुकडा ओवाळून टाकला. मग गार्डनं शिटी वाजवली.

आता बाबांना रिपोर्ट देणं भाग होतं. फाटकावर गाडी थांबवली, फटाके खर्च केले, म्हणजे स्टेशनवर कळवायलाच हवं. ते त्याच दुपारी फुटलेल्या फटाक्यांचे पत्रे धोतराच्या सोग्यात बांधून स्टेशनात गेले. बाबा सांगत गेले, मास्तर लिहीत गेले. कोणाची गाडी होती, असं मास्तरांनी विचारलं. बाबांनी सांगितलं, "अनोळखी गाडीवान. नाव नाही सांगतलं. निघून गेला."

बाबा आयुष्यात खोटं बोलले असतील तर ते एवढंच. रूळ अडवला म्हणून जवायावर केस होईल, पोलीस त्याच्या गावी जातील, आणि मग पोरीचं नांदणं संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी रस पिळत होते.

दुसऱ्या दिवशी रुळाची देखरेख करणारे साहेब चौकशीला आले. माणसांनी ढकलायच्या ट्रॉलीवर, छत्रीखाली बसून. त्यांनी फाटक पाहिलं, खाच पाहिली, चाकाचा ओरखडा पाहिला. "फाटक उघडलं तेव्हा गाडी दिसत होती?" बाबा नाही म्हणाले. "आवाज?" नाही. साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी कागद काढला.

"अनोळखी गाडीवान निघून गेला, असं तू म्हणतोस."

"हो, साहेब."

"आणि गार्ड लिहितो की सगळी गाडी या गाडीवानाची आणि त्याच्या सासऱ्याची समजूत काढत होती. सासरा म्हणजे गेटमन."

अनोळखी गाडीवान तेव्हा कडुलिंबाखालच्या बाजेवर बसून दुसऱ्या वाटीतला रस ओरपत होता.

साहेब त्या बाजेकडे बघून म्हणाले, "हे कोण?"

"पाहुणे," माय म्हणाली.

साहेबांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच भीती वाटली. ते म्हणाले, "गाडी वाचवली, ते तू बरोबर केलंस. पण खोटा रिपोर्ट देणारा माणूस मला फाटकावर चालत नाही. उद्या तू रूळ मोकळा आहे म्हणशील, तर मी विश्वास कसा ठेवू? आज खरं नाव लिहून दिलं नाहीस तर तुझ्या जागी दुसरा माणूस येईल."

दुसरा माणूस येईल म्हणजे खोली जाईल, लिंब जाईल, टोपी जाईल. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. ह्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी ह्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं आता तरी बोला. हे रसाकडे पाहत बसले. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला की वाटीसकट उचलून ट्रॉलीवर ठेवावं.

"मी सांगते," मी म्हणाले. "मी रेंगीतच होते. हे माझे मालक हायेत."

"नाव?"

आता मोठी पंचाईत. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. साहेब टाक घेऊन थांबले. ट्रॉलीवाल्यांपैकी एक जण मला वाचवायला म्हणाला, "बाई, उखाण्यात घ्या." उखाणा मला येत होता, पण तो लग्नातला होता, त्यात चांदीचं ताट होतं, आणि ते रेल्वेच्या कागदावर शोभलं नसतं.

मी बाबांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि नाव घेतलं. सरळ, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट. मायनं तोंडाला पदर लावला.

मग मात्र हे उठले. वाटी खाली ठेवली, फेटा नीट केला आणि साहेबांसमोर येऊन म्हणाले, "म्याच तो. रुळावर बैल म्या वळवले. सासऱ्यानं पहिलेच सांगतलं होतं, पलीकडे घ्या म्हणून."

"वळवले कायले?" बाबांच्या तोंडून निघून गेलं. त्या बिचाऱ्यांची समजूत अजून हीच होती की मायला तुकड्यासकट आत पाठवलं म्हणून जवाई रुसले. हे म्हणाले, "तुम्ही चल, चल म्हटलं."

साहेबांनी बराच वेळ टाक पुसला. मग नवा जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. गाडीवानानं घरगुती कारणावरून रुळावर बैल वळवले, चाक खाचेत अडकलं, गेटमननं झेंडी आणि फटाके लावून गाडी थांबवली. खाली ह्यांची सही, बाबांची सही. ह्यांना तिथेच समज मिळाली, आणि बाबांना पहिल्या खोट्या जबाबाबद्दल ठपक्याचा कागद नंतर आला. नोकरी राहिली. खोली राहिली. साहेब जाताना मायनं त्यांना रस दिला, तो त्यांनी ट्रॉलीवर बसूनच प्यायला.

परतीच्या दिवशी ह्यांनी रुळाच्या बऱ्याच अलीकडे रेंगीतून उडी मारली आणि बैल हातानं धरून रूळ ओलांडला. बाबा टोपी घालून उभे होते. "चला, जवाईबापू, चला," ते म्हणाले. एवढा बदल त्यांनी केला.

पुढं वाटभर हे फक्त बैलांशी बोलत होते. मी मनात म्हटलं, आता माझं काही खरं नाही. गावाची शीव आली तेव्हा ह्यांनी बैल थांबवले, पण मागे वळून पाहिलं नाही.

"आणखी एकदा घे," ते म्हणाले.

"काय?"

"नाव."

"आता कायले? साहेब कुठं हाय इथं?"

"म्हणूनच," हे म्हणाले.