कडेला उभी हरणाबाई

हरणाबाईचा जगात एकच फोटो होता आणि तो मधुकरनं कापला. कापला तेव्हा ती हरणाबाई आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायला एसटीडी बूथ दुकानापासून चार पावलांवर होता.

मधुकरचं दुकान साताऱ्यात, स्टँडकडून वर येणाऱ्या रस्त्याला. समोर स्टुडिओ, मागं अंधारी खोली, आणि खिडकीपाशी रिटचिंगचं टेबल. जुने, फाटके, वाळवी लागलेले फोटो नीट करून देण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. वडूज-दहिवडीपासून माणसं फोटो पाठवायची. कोणी पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचं, कोणी पोस्टानं. चिठ्ठीत दोन ओळी असायच्या, कधी त्याही नसायच्या. मधुकरला त्याचं काही वाटत नसे. तो म्हणायचा, "गिऱ्हाईक काय लिहितं ते बघायचं न्हाई. फोटोच सांगतो त्याला काय पायजे ते." आणि वीस वर्षं फोटो सांगत आले होते. बुजुर्ग माणूस एकटा बसलेला असला की तो गेलेला असणार, भिंतीला लावायला मोठा करायचा. नवरा-बायकोत हात-दोन हात अंतर असलं की जवळ आणायचं. कडेला येडंगबाळं कोणी घुसलेलं असलं की त्याला उडवायचं. विचारणारा कारागीर त्याला कच्चा वाटायचा.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत मुंबईहून पाकीट आलं. पाठवणारा कपिल, माण तालुक्याकडचा. साताऱ्यात कॉलेजला होता तेव्हापासून दुकान माहीत असलेला, आता मुंबईत सरकारी हापिसात क्लार्क. चिठ्ठीत तीन ओळी. 'सप्रेम जयभीम. सोबत फोटो पाठवत आहे, योग्य ते करावे. वीस तारखेला स्वतः येऊन घेईन.' खाली हापिसाचा फोन नंबर.

फोटोत नव्या घराच्या दारात दोन खुर्च्या, त्यावर कपिलचे आई-बाप, केरू आणि आक्काताई, छाती ताठ करून बसलेले. मधोमध पाण्याचा डाग. आणि उजव्या कडेला एक बाई, हातात चहाची ताटली, चालता चालता पकडली गेलेली. हलल्यामुळं चेहरा पुसट. बाई आणि आक्काताई यांच्या मधून फोटोला घडी पडलेली, घडीवर कागद फाटत आलेला, कडेची पट्टी लोंबतच होती.

"काय करायचंय ह्याचं?" बायकोनं, गोदावरीनं विचारलं. दुकानाचा निम्मा भार तीच ओढायची.

"मोठा करायचा. म्हाताऱ्याचा न्हाईतर दोघांचा."

"म्हातारा हाय का गेला?"

"दोघांचाच करतो. मंजी दोघांतलं कुणीबी गेलेलं असू दे, चालतंय."

"आवं, फोन नंबर दिलाय की त्यानं. लाव की एकदा."

"योग्य ते करावे म्हणलंय. योग्य काय ते मला कळंना व्हय?"

मधुकरनं स्टीलची पट्टी घडीवर ठेवली आणि ब्लेडनं कडेचा तुकडा कापून काढला, कारण प्रत काढताना फाटकी कड काचेखाली सपाट बसत नव्हती. आधी आहे तसा फोटोचाच फोटो काढून घ्यायचा आणि मग मोठ्या प्रतीवर काय ते काम करायचं, मूळ कागदाला ब्लेड लावायचं नाही, हा त्याचाच नियम. त्या दिवशी त्यानं तो मोडला. काम छान झालं. डाग गेला. आक्काताईच्या गुडघ्याशी ताटलीची कड उरली होती, ती त्यानं ब्रशानं झाकली. रंग बरोबर लागतो का ते बघायला हाताशी फोटोच्या कागदाचा तुकडा लागतोच. पट्टी समोर होती, तिच्यावरच त्यानं काळ्या-करड्या रंगाचे ठिपके देऊन पाहिले.

वीस तारखेला दुपारी कपिल आला, बरोबर आक्काताई. मधुकरनं कागद उलगडून चित्र टेबलावर ठेवलं, हात मागं बांधून उभा राहिला.

आक्काताईनं बघितलं. मग कपिलकडं बघितलं. "ह्यात हरणा कुठंय रं?"

आक्काताई मधुकरकडं वळली. "आवं दादा, आमी दोगं जित्ती हाय. आमाला काय करायचंय भिंतीवर? माझी नणंद गेली. पंचवीसला तिचं पुण्यानुमोदन हाय, तिथं तिचा फोटो ठिवायचाय. फोटोवाला आलता तवा म्या म्हणलं हरणे, बस की गं. तर म्हणती, च्या निवतोय. तेवढी एकदाच घावली ती फोटोत."

"आत्यानं मला वाढवलं," कपिल म्हणाला. "शाळेच्या बोर्डिंगात दर रविवारी भाकरी घेऊन चालत यायची." मग खाली मान घालून, "चूक माझीच हाय. मी तसंच लिहिलं. हापिसात आमी रोज लिहितो, योग्य ते करावे. तिथं खाली आख्खी फाईल असती, काय करायचं ते तिच्यात असतंय."

ते ऐकून मधुकरला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाईल नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पोरानं फोन नंबर दिला होता. बायकोनं सांगितलं होतं. तरी त्यानं स्वतःच्या डोक्यातली फाईल काढून वाचली होती, जुनीच, वीस वर्षांची.

"तुमची न्हाई चूक," तो म्हणाला. "म्या विचारलं न्हाई."

पट्टी सापडायला वेळ लागला नाही. टेबलाच्या खणात, ब्रशांखाली. ती मधुकरनं त्या दोघांसमोर टेबलावर ठेवली. हरणाबाईच्या अंगावर, ताटलीवर, तोंडावर सगळीकडं ठिपके.

आक्काताई बघत राहिली. "आसं का केलंय तिला," एवढंच म्हणाली.

गोदावरीनं दोघांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. आक्काताईनं तांब्या हातात धरून ठेवला, प्यायली नाही. मधुकरनं ओल्या कापसानं एकेक ठिपका टिपला. बहुतेक गेले. हनुवटीवरचे दोन कागदात मुरले होते, जोर केला असता तर चेहराच गेला असता. मग त्यानं पट्टीचा फोटो घेतला, अंधाऱ्या खोलीत गेला आणि दोन तासांनी हरणाबाईला मोठी करून, सुकवून आणली. दाणेदार, धुरकट. पण नाक तिचं होतं, पदर खोचलेला होता, आणि ती कुठंतरी चाललेली होती.

"हनुवटीला गोंदण नव्हतं तिच्या," आक्काताई म्हणाली.

"तो माझा रंग हाय. मोठ्या फोटोवरनं खरवडून काढता येतोय." ब्लेड हातात घेऊन मधुकर थांबला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाईकाला विचारलं, "काढू का ठिवू?"

"काढा."

"आन् चेहरा? रेघा जरा ठसठशीत करू?"

आक्काताई फोटोवर वाकली. "नगं. ती हाललेली हाय तर हाललेलीच ऱ्हाऊ द्या. तुमी केलं तर ती तुमची हुईल."

त्यानं दोन ठिपके काढले, बाकी कशाला हात लावला नाही. मूळ फोटो आणि पट्टी वेगवेगळ्या पाकिटांत घालून दिली. जोडून देऊ का, असंही विचारलं. कपिल म्हणाला, राहू दे तसंच. पाचच्या दहिवडी गाडीला ते गेले. केरू-आक्काताईचं मोठं चित्र टेबलावर तसंच राहिलं. ते नेलं नाही कोणी, आणि न्या म्हणायचा त्याला धीर झाला नाही.

त्यानंतर मधुकर पाकीट आलं की आधी उलट कार्ड टाकायचा. फोटोत कोण कोण आहे, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं. आणि शेवटचा प्रश्न, लिहिताना पेन अडायचं असा, ह्यातलं कोण गेलंय. माणसं चिडायची. वडूजच्या एका रिटायर सुभेदारानं दुकानात येऊन सुनावलं, "आमी सगळी जित्ती हाय, तुला काय घाई झाली का?" मधुकरनं हात जोडले आणि तोच प्रश्न पुढच्याला विचारला.