हातावर वाढलेलं बिरडं

आमच्या घरी 'नको' या शब्दाचा अर्थ 'थोडंच वाढा' असा आहे.

भुईगावात आमची केळीची वाडी आहे, आणि आमच्या घराण्याची ख्याती एकच, आग्रह! एकदा विजेचा मीटर वाचायला आलेला माणूस दोन वाट्या बिरडं आणि मागचा भात खाऊन, पट्टा एक भोक सैल करून निघून गेला. मीटर वाचायचा राहिलाच. या खात्याची प्रमुख म्हणजे माझी आत्या. हिचं सासर खाडीकाठचं, मिठागरांच्या बाजूचं. तिकडून ती कायमची माहेरी आली ती 'ण' तिकडेच ठेवून. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की आत्या म्हणते, "हात काय धरतोस? पानी मागितलंस का तू? जेवन मागितलंस ना!" आणि डाव रिकामा करते.

अशा घरात मी वाढले, हे आधी लक्षात घ्या, मग मला हसा.

मी वालीवला खोकी बनवण्याच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे खोकं दाबून बघायचं, चेपतं की टिकतं. तिथे मशिनं दुरुस्त करायला बाहेरून केदार यायचा. विरारला आईवडिलांबरोबर राहणारा, मूळ कुडाळकडचा, शांत, आणि चहाला गेलं की छान बोलणारा. मशीन बिघडलं की मला आनंद व्हायला लागला! चहाचे फोन झाले, फोनचे तास झाले, आणि मी घरात एकटीच हसू लागले. आईने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शेवटी मीच एका रविवारी त्याला भुईगावच्या किनाऱ्यावर बोलावलं आणि सुरूच्या झाडाखाली सरळ विचारलं, "केदार, मला तू आवडतोस. आपण पुढे जायचं का?"

त्याने चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाला, "मला तुझ्याशी बोलायला मनापासून आवडतं. पण आत्ता मी नात्यात पडायच्या मनःस्थितीत नाहीये."

किती स्पष्ट वाक्य! त्यावर माणसाने काय म्हणावं? मी म्हणाले, "अरे हो हो हो! काही घाई नाही! मी तर सहज विचारलं!" आणि इतक्या जोरात हसले की शेजारी झोपलेला कुत्रा उठून दुसऱ्या झाडाखाली गेला. केदारही हसला.

घरी येईपर्यंत त्या वाक्यातलं मला सोयीचं तेवढं मी निवडून घेतलं होतं. 'मनापासून आवडतं' घेतलं. 'आत्ता' घेतलं. मधलं 'नाहीये' कुठे पडलं, देव जाणे. मी आत्याला सांगितलं. (ही पहिली चूक. आत्याला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला कानात सांगणं.)

"आत्ता नाय म्हनला ना?" आत्याचे डोळे चमकले. "मग झालं तर! पहिल्या खेपेला हो म्हनेल तो मानूस कसला? हावरट दिसेल! चांगल्या घरचा आहे पोरगा. आग्रह हवाय त्याला."

आणि मी, बीएस्सी झालेली मुलगी, मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून आग्रह सुरू झाला. सकाळी उठल्याउठल्या मी मेसेज करायची, 'नाश्ता केलास?' दुपारी, 'पाणी प्यायलास?' त्याचं उत्तर यायला उशीर झाला की 'बिझी असशील, नो प्रॉब्लेम!' असं लिहून पुढे तीन हसरे चेहरे लावायची. ते तिन्ही चेहरे रडत होते, हे मला ठाऊक होतं. आत्याने तर त्याच्या कामाच्या ठिकाणी सुकेळी पाठवली. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली ती जुडी त्याने सगळ्यांत वाटली आणि मला लिहिलं, 'आत्यांना थँक्स सांग. पण प्लीज, पुन्हा नको.'

मी आत्याला वाचून दाखवलं. "बघ," आत्या म्हणाली, "आवडली!" आणि दोन जुड्या पाठवल्या.

त्याची उत्तरं आखडत चालली. 'हो.' 'बरं.' मग नुसता अंगठा. मला रात्री झोप येईना. नातं राहू दे बाजूला, मला आता त्या चहाच्या गप्पाच हातातून जाताना दिसत होत्या, आणि त्या गेल्या तर मी काय करणार होते ते मलाच कळत नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस थांबतो. आमचं घराणं पंगत वाढवतं!

रविवारी सकाळी वाडीतली पाण्याची मोटर अचानक बंद पडली. बाबा हवालदिल झाले. "केळी सुकतील! कुणाला तरी बोलवा!" आत्या शांतपणे म्हणाली, "तुझा तो मशीनवाला आहे ना? त्याला लाव फोन." मी लावला. केदार बिचारा केळीच्या काळजीने विरारहून बाईक काढून आला. मोटरजवळ वाकला, आणि दोन मिनिटांत सरळ झाला.

"काका, बिघाड काहीच नाही. कुणीतरी वायर उपटलीये."

"उंदीर!" आत्या म्हणाली. तिच्या पदराला ग्रीस लागलं होतं.

केदार निघायला लागला तर ओटीवर इस्त्रीचे कपडे घालून दोन काका, एक काकू आणि आई उभी! पानं मांडलेली! "मुहूर्ताला आलास," काका म्हणाले. केदारने माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे बघितलं.

तो जेवायला बसला. वालाचं बिरडं आलं. एक डाव झाला, दुसरा झाला. "पुरे हां आत्या," तो म्हणाला. तिसरा झाला. "खरंच पुरे." चौथ्याला त्याने पानावर डावा हात आडवा धरला. आत्या म्हणाली, "लाजू नकोस," आणि तो हात हलत नाही असं बघून बिरडं सरळ हातावर वाढलं!

गरम होतं हो ते! केदार ओरडला नाही. बोटांमधून वाल ओघळत होते आणि तो हसत होता. ते हसणं मी ओळखलं. सुरूच्या झाडाखाली 'काही घाई नाही' म्हणत मी हसले होते, तेव्हा तोही अगदी असाच हसला होता! त्या दिवशी मी समजले, लाजतोय. अहो, तो लाजत नव्हता. तो हात आडवा धरून बसला होता, आणि गेले कित्येक आठवडे मी त्या हातावर रोज सकाळी 'नाश्ता केलास?' वाढत होते.

आत्याने पाचवा डाव भरला.

"आत्या, थांब!" मी इतक्या जोरात म्हणाले की काकांचा पापड मोडला. "त्याने पुरे म्हटलंय."

"अगं, सगळेच म्हनतात."

"म्हणू देत. म्हटलं की थांबायचं. आणि आता सगळे आलाच आहात तर ऐका. त्याने मलाही नाही म्हटलंय. कधीच म्हटलंय. मोटर उंदराने नाही, आत्याने बंद पाडली, आणि मला संशय आला होता तरी मी फोन लावला."

आत्याचा डाव तसाच हवेत राहिला. आमच्या घरात डाव हवेत राहिल्याची ही पहिलीच वेळ.

मी केदारला हात धुवायला मागे बावखलापाशी नेलं. बावखल म्हणजे वाडीतलं आमचं तळं. त्याच्या काठावर मी एकदाचं ते बोलले जे पहिल्याच दिवशी बोलायचं होतं.

"सॉरी. तू सरळ सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. का तयार नाहीस ते मी विचारत नाही, तो तुझा प्रश्न. फक्त एक सांग. 'आत्ता नाही' म्हणजे पुढे कधीतरी, असं काही मनात आहे का?"

त्याने ओले हात पँटला पुसले. "खरं सांगू? मलाच माहीत नाही. पण माझ्यासाठी थांबू नकोस. आशा लावून ठेवली तर मलाच चोर असल्यासारखं वाटेल."

"मग मी ते 'नाही' असंच धरते," मी म्हणाले. "मला नातं हवंय, नुसत्या गप्पा नाही. त्यामुळे तुझ्याशी रोज बोलत राहिले तर मी आतून वाटच बघत बसेन. म्हणून काही दिवस फोन, मेसेज बंद. रागाने नाही, शिक्षा म्हणून तर नाहीच. माझं मन ताळ्यावर आलं की मैत्रीण म्हणून मी स्वतः हाक मारेन. नाहीच आलं, तर तेही सांगेन. तुला चालेल?"

केदारचे खांदे एकदम खाली आले. "चालेल काय! अगं, पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकून मला समजवायला नाही आलं. बाकीचे सगळे म्हणतात, होईल तयार, होईल तयार."

"ते सगळे आमच्याच घरचे असतील," मी म्हणाले. तो हसला, आणि या वेळी खरं हसला. मग नीट निरोप घेऊन, आत्याच्या पाया पडून गेला.

त्या रात्री मी रडले. खोटं कशाला बोलू? चांगली उशी भिजेपर्यंत रडले. पण सकाळी उठले तेव्हा फोन उचलून 'नाश्ता केलास?' विचारायचं नव्हतं, आणि अंगावरून गोणी उतरल्यासारखं हलकं वाटलं. मी स्वतः नाश्ता केला! कारखान्यात तो दिसला तर हात करायचा, बस्स. मैत्रिणीकडून त्याची खबर काढायची नाही, त्याचे फोटो उघडून बघायचे नाहीत. सुरुवातीला बोटं शिवशिवायची. मग एक दिवस लक्षात आलं की मशीन बिघडलं आणि मला नुसता कामाचा खोळंबा झाल्याचा राग आला. मी बरी झाले होते!

त्या दिवशी मीच त्याला चहाला हाक मारली. आता आम्ही मित्र आहोत, खरेखुरे, मनात काही न लपवलेले. घरात तर माझा दरारा बसला. काका मला विचारल्याशिवाय पाहुण्याला दुसरी पोळी वाढत नाहीत. परवा केदार केळफुलाची भाजी खायला आला, म्हणाला "पुरे," आणि आत्याने डाव मागे घेतला! साऱ्या घराने श्वास रोखून बघितलं. भुईगावात ही बातमी दुपारपर्यंत पोचली. मी अशी ताठ बसले होते, जणू किल्ला जिंकलाय.

शेवटी ताटलीत एकच सुकेळं उरलं. वर्षातलं शेवटचं, मधासारखं, आणि मला सुकेळ्यासाठी जीव द्यावासा वाटतो हे घरात सगळ्यांना ठाऊक. आत्याने ताटली माझ्यापुढे धरली. "घे गं."

चार माणसांत लगेच हात कसा घालायचा? मी म्हणाले, "नको."

आत्याने माझ्याकडे आदराने बघितलं. "पोरीने नको म्हटलंय," ती सगळ्यांना म्हणाली, आणि ताटली केदारपुढे नेली.

आणि त्या मेल्याने एकदाही 'नको' म्हटलं नाही!